खुर्ची एक, मेल दोन: फ्रीलान्स रिटचरला काम कसं लिहून पाठवायचं

लग्नातला ग्रुप फोटो घेऊ. मधे सोफ्यावर आजी-आजोबा, मागे मुलं-सुना, उजव्या टोकाला काकू उभ्या. फोटो सुरेख आलाय, फक्त पुढच्या बाजूला, आजोबा आणि काकू यांच्या मधोमध, मांडववाल्याची लाल प्लास्टिकची खुर्ची तशीच राहिली आहे आणि तिच्यावर पाण्याची बाटली. खुर्चीचा एक पाय थेट काकूंच्या पैठणीच्या काठावर आलाय, त्यामुळे तेवढा भाग कापून टाकायचीही सोय नाही. घरच्यांना हा फोटो कॅनव्हासवर छापून दिवाणखान्यात लावायचाय. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फोटो आडवा, 6000×4000 पिक्सेल.

हे काम बाहेरच्या रिटचरला मेल करून द्यायचं, तर सहसा दोन पद्धतींनी दिलं जातं. दोन्ही मेल आधी पूर्ण वाचा.

पहिला मेल:

> नमस्कार, सोबत फोटो पाठवतोय. यातली लाल खुर्ची काढून द्या. डावीकडच्या काकूंची साडी नीट दिसली पाहिजे. रेफरन्ससाठी अजून एक फोटो टाकलाय. मोठ्या साइजमध्ये प्रिंट करायचाय, त्यामुळे हाय रिझोल्यूशन फाइल द्या, 300 डीपीआय. जरा अर्जंट आहे. किती होतील ते सांगा.

दुसरा मेल:

> विषय: ग्रुप फोटो, 1 नग. लाल खुर्ची काढणे, कॅनव्हास 36×24 इंच
>
> नमस्कार,
> ड्राइव्हच्या लिंकवर चार फाइली आहेत. काम फक्त `EDIT_4127.jpg` वर करायचं आहे, बाकीच्या तीन बघण्यासाठी.
>
> काय काढायचं: फोटोकडे बघताना उजव्या हाताला, सगळ्यांच्या पुढे असलेली लाल खुर्ची आणि तिच्यावरची बाटली. खुर्चीची गालिच्यावरची सावली आणि आजोबांच्या धोतरावर आलेली लाल झाक हीसुद्धा जायला हवी. `MARK_4127.jpg` मध्ये वस्तूभोवती हिरवी रेघ आहे, सावली आणि झाकेभोवती निळी.
>
> तिच्या जागी काय यायला हवं: डावीकडे गालिचा, मधे रांगोळीचा कोपरा, उजवीकडे काकूंच्या पैठणीचा काठ. गालिचा आणि रांगोळी `REF1_4119.jpg` मध्ये पूर्ण दिसते. काठाची नक्षी `REF2_3986.jpg` मध्ये आहे. तिथला उजेड वेगळा आहे, तेव्हा नक्षी तिथून घ्या आणि रंग `EDIT_4127.jpg` मधलाच ठेवा.
>
> हात लावायचा नाही: चेहरे, त्वचा, मांडवाचा रंग. काकूंच्या हातातली पर्स राहू द्या.
>
> साइज: कॅनव्हास, समोरची बाजू 36×24 इंच, चारही बाजूंना गुंडाळायला 2-2 इंच, एकूण 40×28 इंच. मूळ फोटो पूर्ण समोर दिसायला हवा. म्हणून चारही बाजूंना साधारण 333 पिक्सेल बॅकग्राउंड वाढवून फाइल 6667×4667 पिक्सेलची करा. मूळ फोटो क्रॉप करू नका, लहान-मोठाही करू नका. शार्पनिंग नको. प्रिंटसाठी JPEG, sRGB, आणि लेयरसकट PSD.
>
> खुर्चीची जागा भरून झाली की तेवढ्या भागाचा 100% वरचा स्क्रीनशॉट पाठवा, तो बघून मग कडा वाढवू. दर, लागणारे दिवस आणि त्यात किती वेळा दुरुस्ती धरली आहे ते कळवा.

पहिला मेल दोन मिनिटांत जातो. दुसऱ्याला फाइली शोधणं धरून अर्धा-पाऊण तास सहज जातो. तो वेळ घालवावा की नाही, हे ठरवायचं असेल तर दोन्ही मेल वाचून समोरचा माणूस नेमकं काय करेल ते बघावं लागतं.

वस्तू: ‘खुर्ची’ म्हणजे नक्की किती?

पहिल्या मेलमध्ये ‘डावीकडच्या काकू’ आहेत. फोटोत काकू उजव्या टोकाला आहेत. लिहिणाऱ्याने काकूंच्या जागी उभं राहून डावं-उजवं ठरवलंय. या फोटोत खुर्ची एकच असल्यामुळे निभावेल, पण ‘डावीकडचा माणूस काढा’ असं काम असतं तर चुकीचे पाहुणे गायब झाले असते. ‘फोटोकडे बघताना’ हे दोन शब्द लिहिले की हा घोळ संपतो.

खरा फरक पुढे आहे. खुर्ची काढा म्हटलं की रिटचर खुर्ची काढतो, म्हणजे प्लास्टिकचा आकार. पण फ्लॅशच्या उजेडात लाल चकचकीत खुर्ची पांढऱ्या धोतराशेजारी असेल, तर तिचा लाल रंग धोतरावर उठतो. खुर्ची जागेवर असताना डोळा त्याची दखलही घेत नाही. खुर्ची गेली की आजोबांच्या गुडघ्याखाली कारण नसलेला गुलाबी पट्टा उरतो, धोतराला रंग लागल्यासारखा. सावलीचंही तसंच. गालिच्यावर चार पायांच्या चार सावल्या उरल्या, तर तिथे काहीतरी होतं हे लहान मूलही सांगेल. अनुभवी रिटचर हे न सांगताही करतो. पण त्याने ठरलेल्या पैशांत ते धरलंय की नाही, हे मेलमध्ये लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि वाद नेमका तिथेच होतो.

खूण केलेल्या फोटोबद्दल एक सांगतो. ती मूळ फाइलवर करू नका, वेगळ्या प्रतीवर करा. मोबाइलवर बोटाने ओढलेली जाड लाल रेघ असलेला एकच फोटो पाठवणारे पुष्कळ आहेत. मग रिटचरला मूळ फोटो मागण्यासाठी पुन्हा मेल करावा लागतो. रेघेचा रंगही फोटोत नसलेला घ्या. लाल खुर्चीभोवती लाल रेघ मारली, तर रेघ कुठे संपली आणि खुर्ची कुठे सुरू झाली तेच समजत नाही.

खूण ढोबळ असली तरी चालते. काही जण फोटोशॉपमध्ये खुर्ची बारकाईने कापून मास्क करून पाठवतात. मला ते अनाठायी वाटतं. रिटचर स्वतःचं सिलेक्शन स्वतःच करतो आणि तुमचं अर्धवट सिलेक्शन त्याला अडचणच करतं.

‘हात लावायचा नाही’ ही ओळ अनेकांना उद्धट वाटते, म्हणून ते टाळतात. लग्नाच्या कामांची सवय असलेले रिटचर मात्र न सांगता चेहरे गुळगुळीत करून देतात, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. आजींच्या सुरकुत्या हव्या असतील तर लिहा. पर्सचं तेच. खुर्ची, बाटली अशा पसाऱ्याच्या यादीत कुणीही ती आपणहून घालेल.

रेफरन्स: एक फोटो की दोन, आणि कशासाठी?

पहिल्या मेलमधला सगळ्यात धोक्याचा शब्द ‘रेफरन्स’ हाच आहे. दोन फोटो आले, एकाच्या नावाच्या शेवटी `-WA0012`, दुसऱ्याच्या `-WA0013`. काम कुठल्यावर करायचं? रेफरन्स कशाचा: रंगाचा, साडीचा, की ‘असा लूक हवा’ याचा? रिटचरने मूळ फोटोचा रंग बदलून रेफरन्ससारखा पिवळसर करून दिला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

खुर्चीमागे जे होतं ते कॅमेऱ्याने टिपलंच नाही. तिथे जे येईल ते कुठून तरी आणलेलं असणार. साधी भिंत किंवा गवत असतं तर फोटोशॉपचं `Content-Aware Fill` आजूबाजूचा भाग घेऊन जागा भरून टाकतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. इथे मागे रांगोळी आहे आणि पैठणीचा काठ आहे. दोन्हींना ठरलेली नक्षी आहे, म्हणून अंदाज लगेच उघडा पडतो.

रांगोळीसाठी सगळ्यात चांगला रेफरन्स म्हणजे त्याच वेळी, त्याच जागेवरून काढलेला दुसरा फोटो. फोटोग्राफर एका ग्रुपचे पाच-सहा तरी फोटो काढतो, आणि खुर्ची मधेच कुणीतरी आणून ठेवलेली असते. तिच्या आधीच्या फोटोत ती जागा मोकळी सापडते. असा फोटो मिळाला तर रिटचर दोन्ही फाइली एकावर एक लेयर म्हणून ठेवतो, `Auto-Align Layers` ने जुळवतो आणि खुर्चीच्या जागी खालचा खरा गालिचा उघडतो. बनवायचं काही उरतच नाही. मात्र फोटोग्राफर मधे दोन पावलं सरकला असेल किंवा झूम बदललं असेल, तर गालिच्याच्या रेघांचा कोन बदलतो आणि जोड दिसतो. म्हणून उमेदवार फोटो निवडताना चेहरे बघू नका, जमीन बघा: गालिच्याची कड आणि सोफ्याचा पाय दोन्ही फोटोंत एकाच जागी, एकाच कोनात आहेत का? लोकांचे डोळे मिटलेले असले तरी बिघडत नाही.

काठाचं काम वेगळं आहे. काकू आधीच्या फोटोत वळून उभ्या होत्या, म्हणून त्यांच्या काठाची घडी जुळत नाही. तिथे दुसरा रेफरन्स लागतो, साडीचा जवळून काढलेला, मग तो सकाळच्या विधींच्या वेळचा असला तरी चालेल. समजा काठ मुनियाचा आहे, पोपटांची रांग असलेला. खुर्चीच्या पायाखाली दीड पोपट झाकला गेलाय. रेफरन्स नसेल तर रिटचर शेजारचा पोपट क्लोन करतो. एकच पोपट दोनदा आला आणि दोन्हींवर फ्लॅशची तीच चमक, तर चोरी सापडते. कधी जागा जुळावी म्हणून तुकडा आडवा फिरवला जातो. मग सगळे पोपट एकीकडे बघतात आणि एक उलटीकडे. ज्याने पैठणी जवळून बघितलेली नाही त्याला यात काही खटकणार नाही. काकूंना पहिल्याच नजरेत खटकेल, आणि तीन फुटी कॅनव्हासवर रोज खटकेल.

म्हणून दोन रेफरन्स, आणि प्रत्येकासमोर एका वाक्यात त्यातून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही. सकाळच्या उजेडातली साडी आणि संध्याकाळच्या फ्लॅशमधली साडी यांचा रंग सारखा दिसत नाही. ‘नक्षी तिथून, रंग इथला’ एवढं लिहिलं की पुरे. दोनपेक्षा जास्त फोटो पाठवायचा मोह आवरा. वीस फोटोंचा फोल्डर पाठवला, तर निवड करायचं तुमचं काम रिटचरवर पडतं. इंटरनेटवरचा आवडलेला फोटो ‘असं काहीतरी’ म्हणून जोडणं तर वस्तू काढण्याच्या कामात निव्वळ गोंधळ आहे.

साइज: ‘हाय रिझोल्यूशन’ म्हणजे काहीच नाही

‘300 डीपीआय’, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल, हा आकडा एकटा लिहिला तर त्याला अर्थ नाही. फोटोशॉपच्या `Image Size` मध्ये `Resample` ची खूण काढून 72 च्या जागी 300 लिहिलं, की फाइल 300 ची झाली. पिक्सेल तेवढेच, फोटो तोच. मागणी अक्षरशः पूर्ण झाली आणि हाती काहीच आलं नाही. साइजला इंच आणि पिक्सेल दोन्ही लागतात, आणि ते छापणाऱ्या लॅबला विचारूनच लिहायचे असतात.

आपल्या फोटोचा हिशेब बघा. 6000 पिक्सेल 36 इंचांवर पसरले, तर इंचाला साधारण 167 येतात. भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून बघायच्या कॅनव्हासला एवढे पुरतात. कॅनव्हासच्या विणीत त्याहून बारीक तपशील तसाही दिसत नाही. म्हणजे 300 चा हट्ट धरून फाइल फुगवायची गरज नाही. तोच फोटो अल्बममध्ये 18×12 इंचांवर घ्यायचा असता, तर हातात धरून बघतात म्हणून 300 हवेत, आणि त्यासाठी 5400×3600 पिक्सेल लागतात. तेवढे आपल्याकडे आहेतच.

कॅनव्हासची खरी अडचण कडांची असते. तो लाकडी चौकटीवर ताणून बाजूंनी गुंडाळतात. चौकट दीड इंच जाड असेल, तर मागे ठोकायला अर्धा इंच धरून प्रत्येक बाजूला 2 इंच जादा छपाई लागते. पहिल्या मेलमध्ये गुंडाळीचा उल्लेखच नाही, त्यामुळे ती जागा कशी भरायची हे लॅब ठरवते. तीन शक्यता असतात:

| पद्धत | फाइल | या फोटोत काय होतं |
|---|---|---|
| मूळ फोटोच बाजूंवर गुंडाळायचा | 40×28 इंच, इंचाला 150 ने 6000×4200 | उंचीत 200 पिक्सेल कमी पडतात, काकूंचा काही भाग बाजूवर जातो |
| कडेचा भाग आरशासारखा उलटा छापायचा | मूळ 6000×4000 | बाजूवर पदराची उलटी कड दिसते |
| बॅकग्राउंड वाढवून घ्यायचं | 6667×4667 | सगळे समोर राहतात, रिटचरचं काम वाढतं |

काकू उजव्या कडेपासून 200 पिक्सेलवर आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक बाजूचे 300 पिक्सेल गुंडाळीत जातात, म्हणजे काकूंचा 100 पिक्सेल, पाऊण इंचाच्या आतबाहेर, भाग कोपऱ्यावरून वळतो. दंड बाजूच्या पट्टीवर आणि उरलेल्या काकू समोर. दुसऱ्या पद्धतीत दीड इंच जाडीवर 250 पिक्सेल दिसतात. त्यातले पहिले 200 मांडवाचं कापड, आणि पुढचे 50 काकूंचा पदर, उलटा. बाजूला बसून बघणाऱ्याला तो दिसतोच.

तिसऱ्या पद्धतीत मूळ फोटो न हलवता चारही बाजूंना 333 पिक्सेल मांडवाचं कापड आणि गालिचा वाढवायचा. 333 कुठून आले? इंचाला 166.67, गुंडाळी 2 इंच. ही पट्टी समोरून दिसत नाही, त्यामुळे तिथे पोपटाइतकी बारीक कारागिरी लागत नाही, हे रिटचरला सांगितलं तर दर कमी येऊ शकतो. या फोटोसाठी मी हीच निवडेन. कडेला माणसं नसती आणि भोवती भरपूर मोकळी जागा असती, तर आरशाची पद्धत फुकटात झाली असती. आणि कॅनव्हासचा आग्रह नसेल तर काचेच्या फ्रेममधला साधा 36×24 चा प्रिंट घ्या. गुंडाळी नाही, कडा वाढवणं नाही. फक्त फ्रेमची पट्टी काठावरचा किती भाग झाकते ते फ्रेमवाल्याला विचारून घ्या.

साइज आधी सांगण्याचं दुसरं कारण पैशाचं आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर हा फोटो बघायचा असेल तर पोपट दोन-चार पिक्सेलांचा ठिपका असतो आणि खुर्ची दहा मिनिटांत निघते. तीन फुटी कॅनव्हासला त्याच जागेवर तास-दोन तास जाऊ शकतात. साइज न सांगता मागितलेला दर स्क्रीनचा असतो. मग फाइल आल्यावर ‘हे मोठं केल्यावर पुसट दिसतंय’ म्हणून दुसरी फेरी सुरू होते.

आणि मूळ फाइल. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन जातो, लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास. 36 इंचांवर ते इंचाला जेमतेम 44 पडतात. नावात `-WA` असेल तर ती फाइल रिटचिंगला देऊ नका, फोटोग्राफरकडून मूळ मागवा. जीमेलला 25 एमबीची मर्यादा आहे. चार फाइली मिळून त्याच्या वर जातात, म्हणून ड्राइव्हची लिंक. आणि लिंक पाठवण्याआधी ती `Anyone with the link` वर आहे का बघा, नाहीतर पहिला अर्धा दिवस परवानगीच्या मेलमध्ये जातो.

मग कुठला पाठवायचा?

लांब मेल नेहमीच लिहावा असं नाही. तीन प्रश्न विचारा. काढायच्या वस्तूमागे नक्षी, चेहरा, हात किंवा कपड्याचा काठ आहे का? फोटो 12×8 इंचांपेक्षा मोठा छापायचाय का? रिटचर नवीन आहे का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिला मेल पुरतो, फक्त ‘डावीकडच्या’च्या जागी ‘फोटोकडे बघताना’, ‘मोठी साइज’च्या जागी इंच, आणि काम कुठल्या फोटोवर ते लिहा. भिंतीवरचा स्विचबोर्ड स्टेटससाठी काढायला चार फाइलींचा फोल्डर बनवणं हास्यास्पद आहे.

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरा. वेळ अगदीच नसेल तर त्यातल्या तीन ओळी तरी सोडू नका: खुर्चीच्या जागी काय यायला हवं, कुठल्या रेफरन्समधून काय घ्यायचं, आणि गुंडाळीसकट एकूण इंच. शार्पनिंग, sRGB, PSD या गोष्टी रिटचर स्वतःहूनही विचारतो. झाकलेला पोपट कसा होता हे मात्र त्याला तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

100% वरचा स्क्रीनशॉट आला की तो मोबाइलवर बघू नका, लॅपटॉपवर उघडा. आधी धोतराचा गुडघ्याखालचा भाग बघा, पांढरा आहे की गुलाबी. मग काठावरचे पोपट एकेक करून बघा, सगळे एकाच दिशेला आहेत का आणि कुठले दोन अगदी जुळे तर नाहीत ना. शेवटी गालिच्याच्या रेघा खुर्चीच्या जागेतून सरळ पार जातात का ते बघा, आणि दुरुस्ती असेल तर त्याच मेलच्या उत्तरात लिहा, नवा मेल उघडू नका.